हाती दीड लाख, व्याज अडीच लाख: गिरगावच्या एका पेढीचं विनियोजन खातं

गिरगावातली लग्नपत्रिका छापणारी एक भागीदारी पेढी समोर ठेवू. पेढी आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, त्यामुळे पत्ता शोधत कुणी चाळी पालथ्या घालू नयेत. भागीदार तिघं. थोरल्या भावाच्या पश्चात भागीदारीत आलेल्या वहिनी, रोज छापखान्यात उभे असणारे त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, आणि बाहेरची कामं बघणारा भाचा. नफा-तोट्याचं प्रमाण २:२:१.

२०२४-२५ हे वर्ष मंद गेलं. कागद महागला आणि बऱ्याच घरांनी छापील पत्रिका पन्नासवर आणून बाकीचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर उरकलं. वर्षअखेरीला भांडवलावरचं व्याज निघालं अडीच लाख आणि ते द्यायला हाती होते दीड लाख. मग टेबलावर तीन कागद आले आणि तिन्हींवर वेगवेगळे आकडे. हिशेबनिसांच्या कागदावर वहिनींना ८०,०००, भाऊजींना ५०,००० आणि भाच्याला २०,०००. भाच्याने स्वतः मांडलेल्या कागदावर ६०,०००, ६०,००० आणि ३०,०००. सीएच्या कार्यालयातून आलेल्या कागदावर ७२,०००, ५४,००० आणि २४,०००. तिन्हींची बेरीज दीड लाखच, म्हणजे बेरजेवरून चूक पकडायची सोय नाही.

"मामी, तुम्हाला एका कागदावर साठ आणि दुसऱ्यावर ऐंशी, हे कसं?" भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र आकड्यांमध्ये नव्हतं, करारनाम्यात होतं.

करारनाम्यातलं एक वाक्य

भागीदारी करारनाम्यातलं कलम असं होतं: "प्रत्येक भागीदारास त्याच्या भांडवलावर दरसाल दरशेकडा १० प्रमाणे व्याज द्यावे व उचलीवर दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे व्याज आकारावे." उचल म्हणजे भागीदाराने स्वतःसाठी पेढीतून काढलेली रक्कम. नफा अपुरा पडला किंवा तोटा झाला तर काय, याबद्दल कलमात चकार शब्द नाही.

करारनामा गप्प असला की भारतीय भागीदारी कायदा, १९३२ बोलतो. कलम १३(क) म्हणजे इंग्रजी प्रतीतलं तेरा-सी. ते सांगतं की भागीदाराला भांडवलावर व्याज मिळण्याचा हक्क असेल तर ते व्याज फक्त नफ्यातूनच द्यायचं. इथे बारकावा असा की व्याज द्यायचं की नाही हे करारनामा ठरवतो आणि कुठून द्यायचं हे, करारनामा गप्प असेल तेव्हा, कायदा ठरवतो. म्हणून असं व्याज हा नफ्याचा विनियोग होतो, धंद्याचा खर्च होत नाही. नफा असेल तेवढंच ते मिळतं. नफा कमी पडला तर व्याज कमी होतं, आणि तोटा झाला तर भांडवलावर दमडी मिळत नाही.

त्याच कलमात "नफा असो वा तोटा, व्याज द्यावेच" असे शब्द असते तर चित्र उलटं झालं असतं. मग व्याज हा नफ्यावरचा बोजा ठरला असता, ते आधी पूर्ण अडीच लाख द्यावं लागलं असतं आणि त्यातून होणारा तोटा तिघांनी २:२:१ मध्ये सोसला असता. कायद्याचं कलम १३ भागीदारांमधल्या कराराच्या अधीन आहे, त्यामुळे असा करार पूर्ण वैध असतो.

हिशेबनिसांनी केलेलं गणित नेमकं या दुसऱ्या प्रकारचं होतं. म्हणजे गणित चुकलं नव्हतं, ते दुसऱ्याच करारनाम्याचं होतं.

आधी कर्जाचं व्याज

विनियोजन खातं म्हणजे नफ्याची वाटणी जिथे मांडतात ते खातं. तिथपर्यंत पोचण्याआधी एक गोष्ट उरकावी लागते. कटिंग मशीनसाठी वहिनींनी १ एप्रिल २०२४ ला पेढीला ३,००,००० रुपये दिले होते, आणि ते भांडवल म्हणून नव्हे तर उसने. दर कुठे लिहिला नव्हता. भागीदाराने ठरल्या भांडवलाच्या वर पेढीला आगाऊ रक्कम दिली तर कलम १३(ड), इंग्रजी प्रतीत तेरा-डी, दरसाल ६ टक्के व्याज देतं. इथे "फक्त नफ्यातून" ही अट नाही. म्हणून हे १८,००० रुपये खर्च आहेत आणि ते नफा-तोटा खात्यात जातात, विनियोजन खात्यात नाही. तोटा झाला असता तरी वहिनींना ते मिळालेच असते.

या व्याजाआधीचा निव्वळ नफा होता १,४५,१००. त्यातून १८,००० वजा जाऊन १,२७,१०० उरले. विनियोजन खात्याच्या जमा बाजूची पहिली ओळ हीच. हे १८,००० विसरून १,४५,१०० थेट खाली आणले तर पुढे भांडवलावरचं व्याज १८,००० ने फुगतं आणि वहिनींच्या कर्ज खात्यात व्याज जमाच होत नाही. भागीदाराचं कर्ज आणि भागीदाराचं भांडवल एकाच खात्यात टाकणाऱ्या पेढ्यांत ही चूक हमखास सापडते.

उचलीवरचं व्याज, म्हणजे तारखांचा खेळ

वहिनी दर महिन्याच्या १ तारखेला १०,००० उचलत. वर्षाची उचल १,२०,०००. एप्रिलच्या १ तारखेची उचल पूर्ण १२ महिने बाहेर राहिली आणि मार्चच्या १ तारखेची १ महिना. या दोन टोकांची सरासरी साडेसहा महिने. १,२०,००० वर १२ टक्क्यांनी साडेसहा महिन्यांचं व्याज होतं ७,८००.

भाऊजी महिनाअखेरीला १५,००० घेत. वर्षाचे १,८०,०००. एप्रिलअखेरची उचल ११ महिने बाहेर आणि मार्चअखेरची शून्य, म्हणून सरासरी साडेपाच महिने. व्याज ९,९००.

भाच्याची उचल अशी ठरावीक नव्हती. १ जुलैला ४०,०००, १ डिसेंबरला ३०,००० आणि १ फेब्रुवारीला २०,०००. अशा वेळी सरासरीचा मोह टाळायचा आणि गुणाकार पद्धत वापरायची. प्रत्येक रक्कम ३१ मार्चपर्यंत जितके महिने बाहेर होती, त्या महिन्यांनी ती गुणायची: ४०,००० नऊ महिने म्हणजे ३,६०,०००, ३०,००० चार महिने म्हणजे १,२०,००० आणि २०,००० दोन महिने म्हणजे ४०,०००. बेरीज ५,२०,०००. त्यावर एका महिन्याचं व्याज, म्हणजे १ टक्का, होतं ५,२००.

तिघांचं मिळून २२,९०० झाले.

ही गणितं सोपी आहेत, पण ती ज्या तारखांवर उभी आहेत त्या बऱ्याचदा ढिल्या असतात. हिशेबनिसांनी वहिनींच्या उचलीची नोंद बँकेचं विवरण आल्यावर महिनाअखेरच्या तारखेने केली होती. त्यामुळे पहिल्या खेपेला साडेसहाऐवजी साडेपाच महिने धरले गेले आणि व्याज ७,८०० ऐवजी ६,६०० निघालं; ते नंतर दुरुस्त झालं. फरक १,२०० चा आहे, पण तो दर वर्षी एकाच भागीदाराच्या बाजूने पडतो.

तारखेइतकाच प्रश्न उचल कशाला म्हणायचं याचा असतो. घराच्या सोसायटीचा मेंटेनन्स पेढीच्या खात्यातून गेला, मुलाची फी दुकानाच्या यूपीआयवरून भरली, तर ती उचलच, खर्चाच्या कुठल्याही शीर्षाखाली ती लपवता येत नाही. घरच्या लग्नासाठी पेढीतूनच पत्रिका छापून नेल्या तर तीही उचल, आणि ती विक्रीच्या भावाने नव्हे, खर्चाच्या भावाने धरायची. याउलट भागीदाराने भांडवलाचाच काही भाग कायमचा काढून घेतला तर ती उचल नाही. त्यावर उचलीचं व्याज लागत नाही, त्या तारखेपासून भांडवलावरचं व्याज कमी होतं. दोन्ही एकदम लावले तर त्या भागीदाराला दुहेरी फटका बसतो.

भांडवलावरचं व्याज

१ एप्रिल २०२४ ला वहिनींचं भांडवल १२,००,०००, भाऊजींचं ८,००,००० आणि भाच्याचं ४,००,००० होतं. भाऊजींनी १ ऑक्टोबरला आणखी २,००,००० घातले.

वहिनींचं व्याज १,२०,०००. भाऊजींचं जुन्या भांडवलावर ८०,००० आणि नव्या दोन लाखांवर सहा महिन्यांचे १०,०००, मिळून ९०,०००. भाच्याचं ४०,०००. एकूण २,५०,०००.

पेढी स्थिर भांडवल पद्धत पाळते, म्हणजे उचल, व्याज, नफा सगळं चालू खात्यात आणि भांडवल खातं अस्पर्श. त्यामुळे आरंभीचं भांडवल शोधावं लागलं नाही. अस्थिर भांडवल पद्धतीत मार्चअखेरची शिल्लक उचलीने आणि नफ्याने रंगलेली असते. तिच्यावर १० टक्के लावायचे नसतात. वर्षातली उचल परत मिळवून, जमा झालेला नफा आणि नवं भांडवल वजा करून आरंभीच्या आकड्यापर्यंत मागे जावं लागतं.

किती उपलब्ध, कसं वाटायचं

उपलब्ध रक्कम म्हणजे नुसता १,२७,१०० चा नफा नव्हे. उचलीवरचं व्याज विनियोजन खात्याच्या जमेला येतं, म्हणून १,२७,१०० अधिक २२,९००, बरोबर १,५०,०००.

मागणी २,५०,०००, उपलब्ध १,५०,०००. रुपयामागे ६० पैसे. ही तूट तिघांत कशी वाटायची? व्याजाच्याच प्रमाणात. १,२०,०००, ९०,००० आणि ४०,००० म्हणजे १२:९:४. या प्रमाणात १,५०,००० वाटले की वहिनींना ७२,०००, भाऊजींना ५४,००० आणि भाच्याला २४,०००. पडताळा सोपा आहे: प्रत्येकाला त्याच्या हक्काच्या व्याजाचे बरोबर ६० टक्के मिळाले पाहिजेत.

प्रमाण काढताना भांडवलं ताडून चालत नाही. आरंभीचं भांडवल १२:८:४ होतं, पण भाऊजींच्या ऑक्टोबरच्या दोन लाखांमुळे व्याजाचं प्रमाण १२:९:४ झालं. वर्षात कुणी भर घातली किंवा काढली नसेल तर दोन्ही प्रमाणं एकच येतात, आणि म्हणूनच लोकांना भांडवलाचं प्रमाण वापरायची सवय लागते.

३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या वर्षाचं नफा-तोटा विनियोजन खातं असं दिसतं:

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| भांडवलावरील व्याज: | | नफा-तोटा खाते (निव्वळ नफा) | १,२७,१०० |
| वहिनी ७२,००० | | उचलीवरील व्याज: | |
| भाऊजी ५४,००० | | वहिनी ७,८०० | |
| भाचा २४,००० | १,५०,००० | भाऊजी ९,९०० | |
| | | भाचा ५,२०० | २२,९०० |
| एकूण | १,५०,००० | एकूण | १,५०,००० |

खाली वाटायला नफा उरत नाही, म्हणून २:२:१ हे प्रमाण या खात्यात कुठेच येत नाही. नवख्यांना हे खटकतं. वाटप झालं आणि वाटपाचं प्रमाण वापरलंच नाही, असं कसं? पण ते प्रमाण उरलेल्या नफ्याचं असतं, आणि इथे काही उरलंच नाही.

कीर्दीत दोन जोड्या लागतात. उचलीच्या व्याजासाठी तिघांची चालू खाती नावे, उचलीवरील व्याज खाते जमा, २२,९००. मग ते खाते नावे करून विनियोजन खाते जमा. भांडवलाच्या व्याजासाठी भांडवलावरील व्याज खाते नावे, चालू खाती जमा, १,५०,०००, आणि मग विनियोजन खाते नावे करून व्याज खाते बंद. नोंद १,५०,००० चीच करायची. अडीच लाखांची नोंद करून नंतर एक लाख उलटवला तर खतावणीत दोन खोट्या ओळी कायमच्या राहतात.

न मिळालेल्या एक लाखाचं काय, असं वहिनींनी विचारलं. ते बुडाले. करारनाम्यात तशी तरतूद नसेल तर ते पुढच्या वर्षाच्या नफ्यातून भरून देता येत नाहीत आणि ताळेबंदात देणं म्हणून दाखवताही येत नाहीत.

बाकीचे दोन कागद कुठे चुकले

हिशेबनिसांनी टॅलीत व्याजाचं लेजर इनडायरेक्ट एक्सपेन्सेसच्या गटात उघडलं होतं. एवढ्याने पूर्ण अडीच लाख नफा-तोटा खात्यात गेले. १,२७,१०० मधून ते वजा झाले, उचलीचे २२,९०० मिळाले आणि एक लाखाचा तोटा दिसू लागला. तो २:२:१ मध्ये वाटला की वहिनींना १,२०,००० वजा ४०,०००, भाऊजींना ९०,००० वजा ४०,००० आणि भाच्याला ४०,००० वजा २०,०००. तिथून ८०,०००, ५०,००० आणि २०,००० आले. नफा झालेल्या पेढीला कागदोपत्री तोटा झाला, आणि ज्यांचं भांडवल मोठं त्या वहिनींच्या पदरात ८,००० जास्त पडले. ते भाऊजी आणि भाच्याच्या खिशातून चार-चार हजार करून गेले. करारनाम्यात "नफा असो वा तोटा" हे शब्द असते तर हाच कागद बरोबर ठरला असता आणि सीएचा चुकीचा.

भाच्याने दीड लाखांना नफा समजून सरळ २:२:१ मध्ये वाटले. त्यात वहिनींचे १२,००० गेले आणि दुसऱ्या दोघांना सहा-सहा हजार जास्त मिळाले. भांडवल कुणी किती घातलं हेच त्या कागदाला ठाऊक नव्हतं.

आणखी एक चूक या टेबलावर नव्हती, पण ती सर्रास होते, आणि दिसायला सगळ्यांत सभ्य असते. व्याज १,२७,१०० पुरतंच मर्यादित करायचं, ते १२:९:४ मध्ये वाटायचं आणि उचलीचे २२,९०० "नफा" म्हणून २:२:१ मध्ये वाटून टाकायचे. वहिनींना एकूण ७०,१६८, भाऊजींना ५४,९१६ आणि भाच्याला २४,९१६ मिळतात. आकडे खऱ्याच्या इतके जवळ असतात की कुणी शंका घेत नाही. पण भांडवलाचं व्याज पुरं झालेलं नसताना नफा वाटला, हे त्यात उघड दिसतं. विनियोजन खात्यात अपुरं व्याज आणि वाटलेला नफा एकत्र दिसले, तर करारनाम्यात तसा क्रम सांगितला नसेल तेव्हा ते खातं चुकलेलंच असतं.

चालू खात्यांचा पडताळा

चालू खात्यांत आरंभी शिल्लक शून्य धरली तर वहिनींचे ७२,००० जमा, उचल आणि तिचं व्याज मिळून १,२७,८०० नावे, शिल्लक ५५,८०० नावे. भाऊजींची १,३५,९०० नावे. भाच्याची ७१,२०० नावे. तिघांची मिळून २,६२,९०० नावे.

आता सगळी व्याजं विसरा आणि १,२७,१०० च्या निव्वळ नफ्यातून ३,९०,००० ची एकूण उचल वजा करा. उत्तर तेच, २,६२,९०० नावे. तसं यायलाच हवं, कारण भांडवलाचं आणि उचलीचं व्याज पेढीच्या गल्ल्यात एक पैसा आणत नाही की काढत नाही. ते फक्त तिघांमध्ये इकडचं तिकडे करतं. ही बेरीज जुळली नाही तर नोंदीत चूक आहे. जुळली तरी वाटप बरोबर आहे असं मात्र नाही, कारण वरचे चुकीचे कागदही या परीक्षेत पास होतात.

तिन्ही खाती नावे बाजूला गेली, हे भाऊजींना झोंबलं. "वहिनी, व्याज मिळूनही आपणच पेढीचं देणं लागतो की!" खरंच तसं होतं. १,२७,१०० कमावणाऱ्या पेढीतून ३,९०,००० उचलले होते.

भाऊजींना पगार असता तर

या करारनाम्यात भागीदाराच्या पगाराची तरतूद नाही, आणि ती नसेल तर कलम १३(अ) प्रमाणे काम करणाऱ्या भागीदारालाही मोबदला मागता येत नाही. समजा भाऊजींना वर्षाला १,२५,००० ठरले असते. तोही विनियोगच. मग मागणी व्याज २,५०,००० आणि पगार १,२५,०००, मिळून ३,७५,०००. उपलब्ध दीड लाख म्हणजे ४० टक्के. पगाराचे ५०,००० आणि व्याजाचे ४८,०००, ३६,००० व १६,०००. भाऊजींना एकूण ८६,०००.

पण करारनाम्यात "प्रथम मोबदला, नंतर व्याज" असा क्रम असता तर भाऊजींना पगाराचे पूर्ण १,२५,००० मिळाले असते, उरलेल्या २५,००० मधून व्याज दहा टक्केच निघालं असतं आणि भाऊजी एकूण १,३४,००० घेऊन गेले असते. वहिनींच्या हाती ४८,००० ऐवजी १२,०००. क्रम लिहिला नसेल तर सगळ्या मागण्यांना सारख्या टक्क्याने कात्री, लिहिला असेल तर क्रम. म्हणून टक्केवारी काढण्याआधी करारनामा पुन्हा एकदा वाचावा.

आयकराची बाजू

गोंधळ वाढतो तो आयकर कायद्यामुळे. २०२४-२५ ला लागू असलेलं आयकर कायदा, १९६१ चं कलम ४०(ब) भागीदारांना दिलेलं व्याज पेढीच्या उत्पन्नातून वजा करू देतं. म्हणून बऱ्याच पेढ्यांत ते सवयीने खर्चात धरलं जातं, आणि हिशेबनिसांचं लेजर त्याच सवयीतून उघडलं गेलं होतं. करासाठी वजावट मिळते म्हणून भागीदारांमधल्या हिशेबात व्याज बोजा ठरत नाही. ते करारनामाच ठरवतो.

वजावटीच्या मुख्य अटी दोन: व्याज करारनाम्याने मंजूर केलेलं आणि त्याच्या अटींना धरून असावं, आणि दर साध्या व्याजाने १२ टक्क्यांच्या आत असावा. इथला दहा टक्के दर मर्यादेत आहे. पण वहिनींच्या कर्जाचं व्याज करारनाम्यात कुठेच नाही. भागीदारी कायद्याने त्यांना ते १८,००० मिळतात, आयकरात मात्र पेढीला त्याची वजावट मिळत नाही. एका ओळीच्या आळसाची ही किंमत.

१ एप्रिल २०२५ पासून कलम १९४-टी आलं. भागीदाराला पगार, मोबदला, कमिशन, बोनस आणि कोणत्याही खात्यावरचं व्याज मिळून वर्षात २०,००० च्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापायचा, आणि तोही रक्कम दिली किंवा भांडवल खात्यासह भागीदाराच्या खात्यात जमा केली, यातलं जे आधी असेल तेव्हा. उचल आणि नफ्यातला वाटा यात येत नाहीत. २०२४-२५ ला हे लागू नव्हतं, पण त्याच पेढीने २०२५-२६ मध्ये मार्चला अंदाजाने अडीच लाख जमा करून नंतर एक लाख उलटवले असते, तर टीडीएस अडीच लाखांवर कापला गेला असता आणि भागीदारांचं उत्पन्न दीडच लाख. जमेची नोंद करण्याआधी नफा पक्का करणं आता आणखी गरजेचं झालं आहे.

तिघांनी शेवटी करारनामा दुरुस्त करायचं ठरवलं. वहिनींना "नफा असो वा तोटा" हवं होतं आणि भाऊजींना नको होतं. तडजोड अशी झाली: व्याज फक्त नफ्यातून द्यावं, अपुरं पडल्यास व्याजाच्याच प्रमाणात द्यावं, न मिळालेलं व्याज पुढे ओढू नये, आणि भागीदाराने दिलेल्या कर्जावर ९ टक्के द्यावेत. भाच्याने दुरुस्तीवर मागची तारीख टाकायची सूचना केली. सीएने ती तिथेच थांबवली, कारण दुरुस्तीच्या तारखेआधीच्या काळाचं व्याज आयकरात वजावटीला चालत नाही. पूरक करारनाम्यावर सह्या झाल्या त्या दिवसाचीच तारीख पडली, आणि ७२,०००, ५४,००० आणि २४,००० हेच २०२४-२५ चे आकडे कायम राहिले.